बिघडलेल्या झिपमधून शाबूत फाइली कशा काढायच्या

झिप फाइलवर डबल-क्लिक केलं आणि विंडोजने `The Compressed (zipped) Folder is invalid` असं सांगितलं की बहुतेक जण तिथेच हात टेकतात. फाइल डिलीट करतात, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगतात आणि त्याच्याकडेही ती उरली नसेल तर गेलं म्हणून सोडून देतात. आत शेकडो फोटो किंवा वर्षभराचे हिशेब असले तरी हेच होतं. खरं तर हा निरोप फाइलच्या एका छोट्या भागाबद्दल असतो. आतल्या फाइलींचं काय झालं आहे, हे विंडोजने त्या क्षणी पाहिलेलंही नसतं.

हे नीट कळायला झिपची बांधणी थोडी समजून घ्यायला हवी. हा प्रकार अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या फिल कॅट्झ यांनी 1989 मध्ये आणला. त्यांच्या आद्याक्षरांची PK ही दोन अक्षरं आजही जगातल्या जवळपास प्रत्येक झिप फाइलच्या अगदी सुरुवातीला सापडतात. झिपमध्ये फाइली एकामागोमाग एक ठेवलेल्या असतात. प्रत्येक फाइलच्या आधी तिचं स्वतःचं एक छोटं शीर्षक असतं. नाव, आकार, कोणत्या पद्धतीने आवळली आहे आणि तपासणीचा एक आकडा एवढा मजकूर त्यात येतो. शीर्षकानंतर त्या फाइलचा आवळलेला मजकूर, मग पुढच्या फाइलचं शीर्षक, मग तिचा मजकूर. सगळ्या फाइली संपल्या की अगदी शेवटी एक यादी येते. कोणती फाइल सुरुवातीपासून किती अंतरावर आहे ते त्या यादीत लिहिलेलं असतं. यादीच्याही शेवटी, ती कुठून सुरू होते हे सांगणारी 22 बाइटची एक नोंद असते.

झिप उघडणारे बहुतेक प्रोग्रॅम उलट बाजूने कामाला लागतात. आधी फाइलच्या शेपटाकडे जाऊन ती 22 बाइटची नोंद शोधायची, तिच्यावरून यादी गाठायची आणि यादीवरून हवी ती फाइल. शेवटी दिलेली सूची पाहून पुस्तकातलं पान काढावं तसंच हे. सूचीची पानं फाटली म्हणून आतली प्रकरणं कोरी होत नाहीत. पण सूचीशिवाय वाचायचंच नाही असं ठरवलेला वाचक पुस्तक बंद करून ठेवतो, आणि विंडोजचा एक्सप्लोरर नेमकं तेच करतो.

यादी शेवटी ठेवल्याचा फायदा असा, की जुन्या झिपमध्ये नवी फाइल घालायची तर आधीचा सगळा मजकूर पुन्हा लिहावा लागत नाही. तोटाही तितकाच उघड आहे. डाउनलोड अर्ध्यावर तुटलं किंवा पेनड्राइव्ह कॉपी संपण्याआधी उपसला, तर सगळ्यात आधी हातातून जातं ते शेपूटच. साडेतीनशे फोटोंच्या झिपमध्ये ही यादी जेमतेम वीस-तीस केबी भरते. एवढा तुकडा नसला की शेकडो एमबींची फाइल ‘invalid’ ठरते.

कामाला हात घालण्याआधी बिघडलेल्या फाइलची एक प्रत करून ठेवावी आणि पुढचे सगळे प्रयोग प्रतीवरच करावेत. दुरुस्तीची काही साधनं मूळ फाइलमध्येच बदल करतात आणि मग मागे फिरता येत नाही. मूळ फाइल अजून कुठे जिवंत असेल, ईमेलमध्ये, ड्राइव्हवर, पाठवणाऱ्याच्या मशिनवर, तर आधी तिथूनच पुन्हा आणावी. चांगली प्रत मिळत असताना दुरुस्तीच्या भानगडीत पडण्यात काही अर्थ नाही.

त्यानंतर आकार पाहायचा. पाठवणाऱ्याकडची फाइल 640 एमबींची आणि आपल्याकडची 410 एमबींची असेल, तर बिघाड कळलाच: फाइल मध्येच तुटली आहे. क्रोममध्ये अर्धवट राहिलेलं डाउनलोड `.crdownload` आणि फायरफॉक्समध्ये `.part` या शेपटाने फोल्डरमध्ये पडून असतं. तेही कचरा समजून टाकू नये. त्याची प्रत करून नाव बदलून `.zip` केलं, की जेवढं उतरलं होतं तेवढ्यातून फाइली काढता येतात.

आकार बरोबर असूनही फाइल उघडत नसेल तर तिच्या आत डोकावावं लागतं. विंडोजवर HxD नावाचं मोफत साधन आहे. त्यात कोणतीही फाइल बाइट-बाइट दिसते. पहिले चार बाइट `50 4B 03 04` असतील तर सुरुवात झिपचीच आहे. `50 4B` म्हणजेच PK. तिथे `<!DOCTYPE html` असं काही दिसलं, तर ती झिप नव्हतीच. साइटने लॉगिनचं किंवा चुकीच्या लिंकचं पान पाठवलं आणि ब्राउझरने ते झिपच्या नावाखाली साठवलं. अशा फाइलचा आकार बहुधा काही केबींचाच असतो आणि तिच्यातून काढण्यासारखं काहीच नसतं. मग फाइलच्या शेवटाकडे जावं. तिथे लांबच लांब `00 00 00` अशा ओळी असतील तर अर्थ असा, की फाइलसाठी जागा राखली गेली, पण मजकूर तिथवर पोहोचलाच नाही. घाईने उपसलेल्या पेनड्राइव्हवर हे हमखास दिसतं. आकार पूर्ण, पण शेपूट कोरं. तुटलेल्या फाइलला जो उपाय, तोच इथेही लागू पडतो.

बिघाड मध्येच असेल, म्हणजे डिस्कवरचा एखादा भाग खराब होऊन झिपच्या पोटातले काही बाइट बदलले असतील, तर चित्र वेगळं दिसतं. यादी जागेवर असते, झिप उघडते, आतली सगळी नावं दिसतात आणि एक्स्ट्रॅक्ट करताना एखाद-दुसरी फाइल मात्र अडते. झिपची मोठी जमेची बाजू इथे कळते: तिच्यात प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे आवळलेली असते. बिघाड ज्या फाइलच्या अंगावर पडला तेवढीच जाते, शेजारच्या फाइलींना धक्का लागत नाही. `.tar.gz` मध्ये, किंवा 7z आणि रारच्या ‘सॉलिड’ प्रकारात, अनेक फाइली एकाच अखंड प्रवाहात आवळलेल्या असतात. तिथे मध्ये एक ठिकाणी बिघाड झाला तर त्याच्या पुढचं बरंचसं हातातून जातं. महत्त्वाचे कागद साठवायचे असतील तर जागा थोडी जास्त गेली तरी मी साधी झिपच पसंत करतो, ती याच कारणासाठी.

कोणती फाइल शाबूत आणि कोणती नाही, याचा निवाडा डोळ्यांवर सोडायचा नाही. प्रत्येक फाइलच्या शीर्षकात तपासणीचा जो आकडा असतो त्याला सीआरसी म्हणतात. झिप बनवताना मूळ फाइलच्या सगळ्या बाइटांवरून तो काढलेला असतो. फाइल बाहेर काढताना प्रोग्रॅम तोच हिशेब पुन्हा करतो आणि दोन आकडे ताडून पाहतो. मूळ फाइलमधला एक बाइटही बदलला असेल तर आकडा जुळत नाही. आकडा 32 बिटांचा असल्यामुळे अस्ताव्यस्त बिघडलेली फाइल योगायोगाने जुळून जाण्याची शक्यता साधारण चारशे कोटींत एक. आकडा जुळला तर फाइल शाबूत समजायला हरकत नाही. जुळला नाही तर ती वरवर ठीक उघडली तरी तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. हिशेबाच्या तक्त्यात तर मुळीच नाही, कारण तिथे बदललेला एक अंक कुणाच्या लक्षातही येणार नाही.

इथे एक गैरसमज काढून टाकावासा वाटतो, कारण देवनागरीत नावं देणाऱ्यांना तो वारंवार नडतो. झिप उघडल्यावर `सातबारा.pdf` च्या जागी काहीतरी अगम्य चिन्हं दिसली म्हणून फाइल बिघडली असं होत नाही. झिप बनवणाऱ्या प्रोग्रॅमने नाव युनिकोडमध्ये आहे ही खूण केलेली नसते, किंवा उघडणारा प्रोग्रॅम ती पाहत नाही, एवढंच. आतला मजकूर व्यवस्थित असतो. फाइल बाहेर काढून नाव बदललं की काम झालं.

हीच माहिती एका वेगळ्या ठिकाणीही उपयोगी पडते. वर्डची `.docx` आणि एक्सेलची `.xlsx` या फाइली आतून झिपच असतात. न उघडणाऱ्या डॉक्युमेंटची प्रत करून तिचं नाव `.zip` केलं आणि 7-Zip ने उघडलं, तर आत `word` नावाचा फोल्डर सापडतो. लिहिलेला मुख्य मजकूर त्यातल्या `document.xml` मध्ये असतो आणि चित्रं `media` नावाच्या फोल्डरमध्ये. `document.xml` शाबूत निघाली तर प्रबंध वाचला असं समजावं. मांडणी आणि तळटीपांचे दुवे पुन्हा करावे लागतील, पण वाक्यं तुमचीच मिळतील. ती अर्धवट निघाली तरी तुटलेल्या जागेपर्यंतचा मजकूर नोटपॅडमध्ये दिसतो. मध्येमध्ये कोनांच्या कंसातल्या इंग्रजी खुणा असतात, त्या काढून टाकल्या की मराठी मजकूर मोकळा होतो.

आता एक अख्खं प्रकरण पाहू. मोडी कागदपत्रांवर काम करणाऱ्या माझ्या एका परिचितांना सातारा जिल्ह्यातल्या एका घराण्याने दप्तरातल्या एका रुमालाचे फोटो काढू दिले होते. 320 कागद, प्रत्येकाचा एक फोटो, प्रत्येक फोटो साधारण दोन एमबींचा. फोटो काढणाऱ्या तरुणाने `rumal12.zip` नावाची 640 एमबींची झिप करून लिंक पाठवली, नंतर कॅमेऱ्याचं कार्ड दुसऱ्या कामासाठी मोकळं केलं. लिंकची मुदत संपून गेली. परिचितांच्या लॅपटॉपवर उतरलेली फाइल भरली 410 एमबी आणि एक्सप्लोरर ती उघडेना.

पहिले चार बाइट बरोबर होते, शेवटी कोऱ्या ओळी नव्हत्या. म्हणजे फाइल सरळ मध्येच तुटलेली. प्रत करून ती 7-Zip मध्ये उघडली. 7-Zip हा मोफत प्रोग्रॅम आहे आणि या कामात त्याचं मोल वेगळंच आहे. शेवटची यादी मिळाली नाही तर तो सुरुवातीपासून एकेक शीर्षक वाचत जातो आणि जे सापडेल त्याची यादी स्वतः मांडतो. इथेही तसंच झालं. `Unexpected end of archive` असा इशारा आला, पण मागोमाग `rumal12_001.jpg` पासून `rumal12_205.jpg` पर्यंतची नावं समोर उभी राहिली.

लगेच एक्स्ट्रॅक्ट न करता आधी `Test` हे बटण दाबलं. ही पायरी टाळू नये. यात 7-Zip प्रत्येक फाइल मनातल्या मनात उलगडून तिचा सीआरसी ताडतो आणि ज्या फाइली जुळत नाहीत त्यांची नावं सांगतो. एकच तक्रार आली: `Unexpected end of data`, आणि पुढे `rumal12_205.jpg`. म्हणजे 204 फोटो बाइट-बाइट शाबूत, आणि तुटलेली कड 205 व्या फोटोतून गेलेली.

मग एक्स्ट्रॅक्ट केलं. 7-Zip तुटलेली फाइलही डिस्कवर ठेवून देतो, आणि फोल्डरमध्ये ती बाकीच्यांसारखीच दिसते. म्हणून `Test` ने दिलेली नावं आधी कागदावर लिहून घ्यावीत आणि अशा फाइली लगेच वेगळ्या फोल्डरमध्ये हलवाव्यात. WinRAR चं वागणं उलट आहे. तो बिघडलेली फाइल स्वतःहून पुसून टाकतो. ती हवी असेल तर एक्स्ट्रॅक्टच्या खिडकीत `Keep broken files` या चौकटीत आधी खूण करावी लागते.

205 वा फोटो ठेवण्यासारखा निघाला. जेपेग फोटोचा मजकूर बहुतेक कॅमेरे वरून खाली ओळीओळीने लिहितात. त्यामुळे फाइल तुटली तरी तिथवरचा वरचा भाग जसाच्या तसा उमटतो आणि खालची जागा राखाडी राहते. फोटो पाहायचे काही प्रोग्रॅम अशी फाइल उघडायला तयार होत नाहीत. तीच ब्राउझरच्या खिडकीत ओढून टाकली की दिसते. या फोटोत पत्राचा मायना आणि त्याखालच्या सहा-सात ओळी स्वच्छ वाचता आल्या, पुढे राखाडी पट्टा. त्या फाइलला `rumal12_205_ardha.jpg` असं नाव दिलं, म्हणजे पुढे कुणी तिला पूर्ण कागद समजू नये.

हेच काम मॅक किंवा लिनक्सवर दोन कमांडनी होतं. मॅकमध्ये दोन्ही आधीपासूनच असतात.

```
zip -FF rumal12.zip --out rumal12_nava.zip
unzip -t rumal12_nava.zip
```

पहिली कमांड मूळ फाइलला हात लावत नाही. ती सगळी शीर्षकं शोधून त्यांवरून नवी यादी बांधते आणि नवी झिप तयार करते. मध्येच ती विचारते, `Is this a single-disk archive?` झिपचे तुकडे केलेले नसतील तर `y` म्हणायचं. इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. ही कमांड फाइली नुसत्या उचलून नव्या झिपमध्ये ठेवते, त्या शाबूत आहेत की नाहीत ते पाहत नाही. नवी झिप आता एक्सप्लोररमध्येही बिनतक्रार उघडेल, आणि त्यामुळेच माणूस फसतो. तपासणीचं काम दुसऱ्या कमांडचं. तिने एखाद्या फाइलपुढे `bad CRC` लिहिलं, तर ती फाइल या मार्गाने परत मिळणार नाही. `F` एकदा लिहिलं की सौम्य दुरुस्ती होते, पण तिला शेवटची यादी बऱ्यापैकी शाबूत लागते. आपल्याकडे यादीच नव्हती, म्हणून दोनदा लिहिलं.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. काही झिप सर्व्हरवर चालता-चालता बनतात. आपण ड्राइव्हवरचा फोल्डर डाउनलोड करतो तेव्हा पुष्कळदा असंच होतं. अशा झिपमध्ये फाइलच्या आधीच्या शीर्षकात आकाराच्या जागी शून्य असू शकतं, कारण शीर्षक लिहिताना आकार ठाऊकच नसतो. खरा आकार फाइलच्या मागे आणि शेवटच्या यादीत लिहिला जातो. यादी गेली की फाइल कुठे संपते हे साधनाला आवळलेला मजकूर उलगडूनच शोधावं लागतं, आणि काही साधनांना ते जमत नाही. म्हणून एकाने हात टेकले तरी दुसरं वापरून पाहावं: 7-Zip, मग `zip -FF`, मग WinRAR च्या `Tools` मधलं `Repair archive`. पासवर्ड असलेल्या झिपची दुरुस्ती झाली तरी पासवर्ड लागतोच. आणि घरची कागदपत्रं, आधारच्या प्रती किंवा बँकेचे उतारे असलेली झिप ‘ऑनलाइन रिपेअर’ करून देणाऱ्या अनोळखी साइटवर चढवू नये, असं मला ठामपणे वाटतं. त्या साइटा याहून वेगळं काही करतात असं नाही, आणि तुमच्या फाइली मात्र तिथे राहून जाण्याची भीती असते.

साताऱ्याच्या रुमालात 206 पासून 320 पर्यंतचे फोटो आमच्या फाइलमध्ये कधी उतरलेच नव्हते, तेव्हा कोणतंही साधन ते आणून देऊ शकत नव्हतं. किंबहुना ते होते हेही त्या फाइलवरून कळलं नसतं, कारण एकूण किती फाइली आहेत हे शेवटच्या यादीत असतं आणि तीच गेली होती. 320 हा आकडा फोटो काढणाऱ्या तरुणाच्या वहीत होता. त्यावरून परिचितांनी त्या घराण्याला कळवलं, की सगळा रुमाल पुन्हा सोडायची गरज नाही. 205 पासून 320 पर्यंतचे 116 कागद तेवढे पुन्हा कॅमेऱ्यासमोर ठेवू द्यावेत. ते कागद पुन्हा टिपले, त्यांच्या चार लहान झिप केल्या आणि प्रत्येकीवर `Test` चालवल्यानंतरच कार्ड मोकळं केलं.